खोलीच्या थर्मोस्टॅटवरून फीडबॅक आणि स्थिरता: दोन मिनिटांच्या उशिराचा हिशेब

कंट्रोल सिस्टीमच्या पेपरात राऊथची सारणी मांडता येते, बोडे प्लॉटही काढता येतो. पण हा लूप अस्थिर का झाला असं तोंडी परीक्षेत विचारलं, की बहुतेकांचं उत्तर "पोल उजव्या बाजूला गेला म्हणून" इथे थांबतं. पोल तिकडे का गेला, हे सांगता आलं पाहिजे. त्यासाठी मी विद्यार्थ्यांना एका खोलीचा हिशेब करायला लावतो. या खोलीत समजायला अवघड असं काहीच नाही: उष्णता आत येते, एसी ती बाहेर काढतो आणि थर्मोस्टॅट मध्ये बसून निर्णय घेतो. तरीही ही साधी खोली अस्थिर होऊ शकते, आणि ती नेमकी कशाने होते ते हाताने मोजता येतं.

वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. त्रिकोणमितीपलीकडचं गणित लागणार नाही.

आधी खोली समीकरणात बसवा

नागपूरच्या बजाजनगरातली सर्वात वरच्या मजल्यावरची दहा बाय बाराची खोली धरू. नवतपा चालू आहे, दुपारचे अडीच वाजलेत, बाहेर ४४ अंश. खोलीत एक टनाचा एसी आहे. एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता.

खोलीबद्दल दोनच आकडे हवेत. पहिला गळतीचा: आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर भिंती, खिडकी आणि फटींमधून किती वॅट उष्णता आत येते? आपण १४० वॅट धरू. दुसरा साठ्याचा: खोली एका अंशाने थंड करायला किती उष्णता काढावी लागते? इथे ३३६ किलोज्यूल धरू. यात नुसत्या हवेचा वाटा चाळीसेक किलोज्यूलच आहे. बाकी सगळं पलंग, कपाट, पुस्तकं आणि भिंतींचा आतला थर यांचं. म्हणूनच रिकामी खोली आणि भरलेली खोली एकाच एसीवर वेगळी वागते.

साठ्याला गळतीने भागा: 336000 / 140 = 2400 सेकंद, म्हणजे ४० मिनिटं. हा खोलीचा टाइम कॉन्स्टंट. आता एसीच्या क्षमतेला गळतीने भागा: 3500 / 140 = 25. याचा अर्थ, एसी पूर्ण जोरात कायम चालू ठेवला तर खोली शेवटी बाहेरपेक्षा २५ अंशांनी खाली, म्हणजे १९ वर जाऊन थांबेल. वेळ मिनिटांत घेतली तर सगळी खोली या एका ओळीत मावते:

`40 · dT/dt = 44 − T − 25·u`

इथे `u` म्हणजे एसीचा जोर: ० म्हणजे बंद, १ म्हणजे पूर्ण. सेट पॉइंट २४ ठेवला आणि डावी बाजू शून्य धरली, तर `u = 0.8` मिळतो. २४ अंशांवर खोली रोखून धरायला एसीचा ८० टक्के जोर सतत लागतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

हे मॉडेल काही गोष्टी सोडून देतं. कडक उन्हात एसीची क्षमता छापील आकड्यापेक्षा कमी होते. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी ती उष्णता आत सोडतो. पण हे बदल तासांच्या गतीने होतात आणि आपला प्रश्न मिनिटांचा आहे, म्हणून तूर्त त्यांना बाजूला ठेवू.

साधा चालू-बंद थर्मोस्टॅट

साधा थर्मोस्टॅट २४.५ ला एसी चालू करतो आणि २३.५ ला बंद करतो. मधल्या एका अंशाच्या पट्ट्याला हिस्टेरेसिस म्हणतात. २४ च्या आसपास वेग काढा. एसी बंद असताना खोली मिनिटाला (44 − 24)/40 = 0.5 अंशाने तापते. चालू असताना (20 − 25)/40, म्हणजे मिनिटाला ०.१२५ अंशाने थंड होते. तापण्याचा वेग थंड होण्याच्या वेगाच्या चौपट आहे. नागपूरच्या मे महिन्यात हेच होणार, कारण एसीची जवळजवळ सगळी ताकद गळती भरून काढण्यातच जाते.

त्यामुळे एक अंश चढायला २ मिनिटं लागतात आणि एक अंश उतरायला ८. दहा मिनिटांच्या चक्रात ८ मिनिटं एसी चालू, म्हणजे तेच ८० टक्के. थर्मोस्टॅटला हा आकडा कोणी सांगितला नव्हता. गळती किती, बाहेर किती अंश, हे त्याला ठाऊक नाही. तो फक्त तापमान बघतो, आणि तरी योग्य सरासरी आपोआप साधली जाते. फीडबॅक करतो ते हेच काम. बाहेर ४० अंश झाले तर हाच थर्मोस्टॅट ६४ टक्क्यांवर येईल. स्वतः करून बघा.

एक व्यावहारिक अडचण लगेच दिसते. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर साधारण तीन मिनिटं तो पुन्हा सुरू होऊ दिला जात नाही, कारण आतला दाब समान व्हायला वेळ लागतो. आपल्या हिशेबात तर तो दोन मिनिटांनीच सुरू व्हायला हवा. म्हणजे एक अंशाचा पट्टा या खोलीला अपुरा आहे. हिस्टेरेसिस रुंद का ठेवतात, त्याचं कारण हे.

आता उशीर मिसळा

आतापर्यंत सेन्सरला खोलीचं तापमान त्याच क्षणी कळतं असं धरलं. प्रत्यक्षात थंड हवा सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो. सेन्सर प्लास्टिकच्या डबीत असतो, ती डबी गार व्हायला वेळ लागतो. कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर कॉइल थंड व्हायलाही वेळ लागतो. हे सगळं मिळून २ मिनिटांचा डेड टाइम धरू.

खोली तापत असताना २४.५ ओलांडते. त्याचा परिणाम दिसेपर्यंत दोन मिनिटं जातात आणि तेवढ्यात खोली आणखी १ अंश चढून २५.५ ला पोचते. उतरताना २३.५ नंतर दोन मिनिटांत फक्त ०.२५ अंश खाली जाते, म्हणजे २३.२५. एक अंशाचा झोका सव्वादोन अंशांचा झाला. चढायला साडेचार मिनिटं, उतरायला अठरा.

पण याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. २५.५ आणि २३.२५ यांची सरासरी २४.३७ येते. सेट पॉइंट २४ आहे, तरी खोली सरासरीने एक तृतीयांश अंशाहून थोडी जास्तच गरम राहते. सेन्सर बिघडलेला नाही, कॅलिब्रेशनही चुकलेलं नाही. चढण्या-उतरण्याचा वेग असमान आहे आणि उशीर आहे, या दोन्हींचा मिळून हा परिणाम. हिवाळ्यात हीटर लावला तर चूक उलट दिशेलाही जाऊ शकते.

जोर कमी-जास्त करणारा थर्मोस्टॅट

इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलता येतो. मग चालू-बंद करण्याऐवजी जितकी चूक तितका जोर असा नियम लावू: `u = Kp·(T − 24)`. `Kp` हा गेन ०.४ ठेवला तर एका अंशाच्या चुकीला ४० टक्के जोर.

खोली कुठे स्थिरावेल? हा नियम खोलीच्या समीकरणात घाला, डावी बाजू शून्य करा, आणि चूक येते 20 / (1 + 25·Kp). `Kp` ०.४ ला ती १.८२ अंश, म्हणजे खोली २५.८ वर थांबते. कारण उघड आहे: ८० टक्के जोर हवा तर काहीतरी चूक शिल्लक असायलाच हवी, नाहीतर जोर शून्य होईल. मग `Kp` वाढवू. २ केला तर चूक ०.३९ वर येते, ५ केला तर ०.१६ वर. मग गेन हवा तेवढा वाढवत का नेऊ नये?

उशीर नसेल तर खरंच हवा तेवढा वाढवता येतो. लूप बंद केल्यावर पोल −(1 + 25·Kp)/40 वर बसतो आणि गेन वाढेल तसा तो डावीकडेच सरकतो. या समीकरणात अस्थिरता शोधूनही सापडणार नाही. म्हणजे अस्थिरतेचं मूळ नुसत्या गेनमध्ये नाही.

मर्यादा कुठे येते, ते हाताने काढा

हा भाग सावकाश वाचा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

समजा खोलीचं तापमान वर-खाली झुलतंय आणि झोका मरतही नाही, वाढतही नाही. असा झोका टिकायचा तर दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली वेळेची. थर्मोस्टॅटने केलेली दुरुस्ती इतक्या उशिरा पोचली पाहिजे की ती चूक कमी करण्याऐवजी झोक्याला त्याच्याच दिशेने ढकलेल. यासाठी एकूण अर्ध्या चक्राचा उशीर लागतो. दुसरी मापाची. लूपभर एक फेरी मारून आलेला परिणाम मूळ झोक्याएवढाच असला पाहिजे. कमी असेल तर झोका मरतो, जास्त असेल तर वाढतो.

अर्ध्या चक्राचा उशीर येतो कुठून? खोली उष्णतेचा साठा आहे. जलद झोक्यांसाठी ती जवळजवळ निव्वळ बेरीज करणारी यंत्रणा ठरते, आणि बेरजेचा परिणाम पाव चक्र मागे राहतो. उरलेलं पाव चक्र डेड टाइमने भरायचं. पाव चक्र म्हणजे २ मिनिटं, तर पूर्ण चक्र ८ मिनिटांचं. गेन किती आहे हे माहीत नसतानाही झोक्याचा काळ कळला: डेड टाइमच्या चौपट.

आता माप. पूर्ण जोराने खोलीच्या तापमानाचा वेग 25/40, म्हणजे मिनिटाला ०.६२५ अंशाने बदलतो. ८ मिनिटांच्या झोक्याची कोनीय वारंवारता 2π/8 = 0.785. बेरजेमुळे झोका या आकड्याने भागला जातो. म्हणून अट बनते:

`0.625 · Kp / 0.785 = 1`, म्हणजे `Kp = 1.26`

गळतीही हिशेबात धरून नेमकं समीकरण सोडवलं तर १.२८ येतो आणि चक्र ७.८ मिनिटांचं. आपलं उत्तर अगदी जवळ आलं. हीच अट दुसऱ्या शब्दांत लिहिली तर जास्त उपयोगी पडते:

`वेग × डेड टाइम × Kp < 1.57`

डावीकडच्या गुणाकाराचा अर्थ असा: एक अंशाची चूक दिसली, तर तिच्यावरची दुरुस्ती सेन्सरला पत्ता लागायच्या आत खोलीचं तापमान किती अंशांनी बदलून टाकते? न बघता केलेलं हे काम मूळ चुकीच्या दीडपटीपुढे गेलं की लूप सुटला. पोल उजवीकडे का जातो, त्याचं उत्तर हे. गेन आणि उशीर यांचा गुणाकार ठरावीक मर्यादेबाहेर गेला म्हणून.

याच समीकरणातून एक निष्कर्ष थेट निघतो. सेन्सर पडद्यामागे किंवा कपाटाआड गेला आणि डेड टाइम ४ मिनिटं झाला, तर मर्यादा निम्मी, सुमारे ०.६५ होते. काल नीट चालणारा `Kp = 1` आज झुलायला लागतो. प्रोग्रॅममध्ये एक अक्षर बदललेलं नसतं.

चालवून बघा

पायथॉनची कुठलीही लायब्ररी नको. हे जसंच्या तसं चालतं:

```python
tau, K, L, dt = 40.0, 25.0, 2.0, 0.1
T, To, Ts, Kp = 30.0, 44.0, 24.0, 0.4
q = [0.0] * int(L / dt)
for n in range(1200):
    u = min(1.0, max(0.0, Kp * (T - Ts)))
    q.append(u)
    T += dt * (To - T - K * q.pop(0)) / tau
    if n % 10 == 0:
        print(round(n * dt), round(T, 2))
```

`q` ही यादी म्हणजे डेड टाइम. नवा जोर शेवटी जोडला जातो आणि दोन मिनिटांपूर्वीचा जोर खोलीपर्यंत पोचतो. आधी ०.४ वर चालवा: खोली २५.८ वर शांतपणे बसेल. मग `Kp = 1.0` करा: साडेआठ-नऊ मिनिटांचे झोके दिसतील आणि हळूहळू मरतील. मग १.५ करा: झोके वाढतील, पण अनंतापर्यंत जाणार नाहीत, कारण `u` ० ते १ मध्येच राहू शकतो. ठरावीक रुंदीचा झोका कायम राहतो. प्रत्यक्ष यंत्रात अस्थिरता बहुधा अशीच दिसते. पुस्तकातली भडकत जाणारी साइन वेव्ह शोधत बसलात तर हातातला अस्थिर लूप स्थिर आहे असा समज होईल. शेवटी `L = 0` आणि `Kp = 5` करून बघा. एकही झोका येणार नाही.

उरलेली चूक काढायची तर

१.८ अंशांची चूक गेन वाढवून काढता येत नाही, हे आता दिसलं. म्हणून चुकीची बेरीज साठवत जाणारा इंटिग्रल भाग जोडतात. चूक शून्य झाल्यावरही ही बेरीज ०.८ वर थांबून राहते आणि एसीला जोर देत राहते. पण बेरीज म्हणजे पुन्हा मागे राहणं. `Kp` ०.४ आणि इंटिग्रल टाइम १६ मिनिटं ठेवला तर फेज मार्जिन ५० अंशांच्या थोडं वर मिळतं, लूप निवांत राहतो. घाई करून इंटिग्रल टाइम ३ मिनिटं केला तर मार्जिन दहा-अकरा अंशांवर येतं, आणि `Kp` ला हात न लावताही लूप झुलत राहतो.

इंटिग्रलचा दुसरा धोका दुपारच्या लाइट गेल्यानंतर दिसतो. खोली ३६ पर्यंत तापली आणि लाइट आली. पूर्ण जोरातही २४ ला यायला सुमारे ४९ मिनिटं लागतात. एवढा वेळ `u` १ ला टेकलेला असतो, पण बेरीज चालूच राहते आणि इंटिग्रल टाइम १६ मिनिटं असला तरी ५.९ पर्यंत जाते. हवी होती ०.८. आता ही जादा बेरीज उतरायची तर खोली २४ च्या खालीच असावी लागते. हिशेब केला तर एसी आणखी जवळजवळ तासभर पूर्ण जोरात चालतो आणि खोली २० च्या आसपास जाते. हा इंटिग्रल वाइंडअप. उपाय एका ओळीचा आहे: `u` टोकाला टेकलेला असेल आणि चूक त्याला त्याच दिशेने ढकलत असेल, तर बेरीज थांबवायची. प्रोजेक्टमधल्या कोडमध्ये ही ओळ राहून गेलेली मी वारंवार बघतो.

आपल्या खोलीवर मोजा

DS18B20 सेन्सर पुरेसा आहे. बारा बिटांवर तो ०.०६२५ अंशाचा फरक दाखवतो. त्याची अचूकता अर्ध्या अंशाची असली तरी बिघडत नाही, कारण आपल्याला वेग हवा आहे. दर दहा सेकंदांनी नोंद ठेवा. एसी बंद ठेवून दहा मिनिटं तापमान चढू द्या, मग एसी पूर्ण जोरात सुरू करा आणि ती वेळ लिहून ठेवा.

समजा आधी तापमान मिनिटाला ०.२७ ने चढत होतं. एसी सुरू केल्यावरही दोन मिनिटं ते तसंच चढत राहिलं, मग मिनिटाला ०.३५ ने उतरू लागलं. डेड टाइम २ मिनिटं. एसीचा वेग म्हणजे दोन उतारांमधला फरक: ०.२७ आणि ०.३५ मिळून ०.६२. बाहेर किती अंश होते, गळती किती, याची गरजच पडली नाही, कारण दोन्ही उतारांत ते सारखंच मिसळलेलं आहे. फक्त प्रयोग चालू असताना दार उघडू नका आणि पंख्याचा वेग बदलू नका. मग 1.57 / (0.62 × 2) = 1.27 ही मर्यादा, आणि तिच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ०.४ हा वापरायचा गेन.

लूप बिघडलेला असेल तर आलेखावरून कारण ओळखता येतं. तापमान न झुलता एका दिशेने टोकाला जाऊन चिकटलं, तर चिन्ह चुकलंय: `T − Ts` च्या जागी `Ts − T` लिहिलंय आणि फीडबॅक धन झालाय. झोका डेड टाइमच्या चौपट काळाचा असेल तर गेन जास्त आहे. काळ त्याहून बराच लांब असेल तर आधी इंटिग्रल तपासा. आणि झोका करवतीच्या दातांसारखा, एक बाजू चढी व दुसरी सपाट असेल, तर तो चालू-बंद थर्मोस्टॅटचा नेहमीचा झोका आहे. त्यात दुरुस्त करायचं काही नाही, फक्त पट्टा आणि सेन्सरची जागा बघायची.

हाच हिशेब कूलरला लावला तर

नागपुरात प्रोजेक्ट म्हणून कूलरला थर्मोस्टॅट लावणारे बरेच असतात, आणि बहुतेक जण रिले पाण्याच्या पंपावर लावतात. पंप बंद केला तरी ताट्या ओल्याच असतात आणि थंड हवा येतच राहते. चालू केल्यावर कोरड्या ताट्या भिजायला पुन्हा वेळ जातो. म्हणजे उशीर पंपाच्या बाजूलाच सर्वात मोठा. वरच्या अटीत डेड टाइम वाढला की चालणारा गेन त्याच प्रमाणात घटतो आणि चालू-बंदचा झोका रुंद होतो. रिले पंख्यावर लावला आणि पंप चालूच ठेवला, तर तोच सेन्सर आणि तोच प्रोग्रॅम बराच अरुंद झोका देतो.

मात्र पावसाळा लागला की कूलरचा लूप वेगळाच होतो. हवा दमट झाल्याने पाण्याची वाफ कमी होते आणि समीकरणातला २५ च्या जागेवरचा आकडाच लहान होतो. तेव्हा लूप झुलत नाही, कारण गेन घटलेला असतो. पण पंखा पूर्ण वेगात चालूनही तापमान सेट पॉइंटपर्यंत पोचत नाही. अशा वेळी `Kp` वाढवून काही उपयोग नाही, `u` आधीच १ ला टेकलेला असतो.